‘आज रात्री तुमची लाईट कापणार’: मेसेजमधल्या चार इंग्रजी शब्दांची ओळख

आज आपण एका मेसेजबद्दल बोलणार आहोत. २०२२ साली तो महाराष्ट्रभर फिरला, महावितरणला त्याबद्दल लोकांना सावध करावं लागलं, आणि थोडे शब्द बदलून तो अजूनही येतो. इंग्रजीत असतो म्हणून आपण मुलाकडून वाचून घेतो. मुलगा घरी नसला तर घाबरून खालच्या नंबरावर फोन लावतो.

मेसेज साधारण असा असतो: ‘डिअर कन्झ्युमर, युवर इलेक्ट्रिसिटी पॉवर विल बी डिस्कनेक्टेड टुनाईट ॲट नाईन थर्टी. युवर प्रीव्हियस मंथ बिल वॉज नॉट अपडेट. इमीजिएटली कॉन्टॅक्ट इलेक्ट्रिसिटी ऑफिसर.’ आणि खाली एक दहा आकडी मोबाईल नंबर. म्हणजे गेल्या महिन्याचं बिल नोंदलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा.

रोह्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंना हा मेसेज संध्याकाळी सात वाजता आला. यजमान धाटावच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, मुलगी क्लासला. ताईंनी बिल भरलेलं होतं, तरी वाटलं, नोंद चुकली असेल. त्यांच्या खात्यात तेव्हा ४६,००० रुपये होते आणि त्यात गटाच्या कर्जाचा हप्ताही होता. पुढे काय झालं ते त्यांनीच आम्हाला शब्दाशब्दाने सांगितलं. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, ते तुमच्यापुढे ठेवत आहोत.

पहिला शब्द ‘टुनाईट’, म्हणजे आज रात्री. हा शब्द विचारायला वेळ मिळू नये म्हणून घातलेला असतो. बँका बंद झालेल्या, वीज कार्यालय बंद झालेलं, अशाच वेळी मेसेज येतो. पण विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकी असली तरी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. खरी सूचना मोबाईलवरही येऊ शकते, हे लक्षात ठेवा. मग फरक कसा ओळखायचा? खऱ्या सूचनेत आपला बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि थकलेली रक्कम असते. भामट्याला आपला ग्राहक क्रमांक सहसा माहीत नसतो, म्हणून तो नुसतं ‘डिअर कन्झ्युमर’ लिहितो. बिल काढा आणि क्रमांक ताडून पाहा.

दुसरा शब्द ‘ऑफिसर’. महावितरणचे मेसेज VM-MSEDCL, VK-MSEDCL अशा नावाने येतात, कुणाच्या मोबाईल नंबरावरून येत नाहीत. आणि ‘या अधिकाऱ्याच्या मोबाईलवर फोन करा’ असं त्यात नसतं. शंका आली तर मेसेजमधल्या नंबरावर फोन न करता १९१२ वर करा, किंवा बिलावर छापलेल्या नंबरावर करा.

ताईंनी मेसेजमधल्या नंबरावर फोन केला. समोरचा माणूस हिंदीत, अगदी नम्रपणे बोलत होता. ‘मॅडम, तुमचं बिल भरलंय, फक्त अपडेट झालं नाही. मी करून देतो, एक सपोर्ट ॲप घ्या.’

हा तिसरा शब्द, ‘सपोर्ट’. म्हणजे मदत. ही ॲप्स खोटी नसतात, ती प्ले स्टोअरवर मिळतात. कंपन्यांमध्ये संगणक बिघडला तर दूर बसलेला माणूस त्यांच्या मदतीने तो दुरुस्त करतो. म्हणूनच फोन ती बसवताना सहसा अडवत नाही. ॲप उघडलं की पडद्यावर नऊ किंवा दहा आकडी नंबर दिसतो. तो नंबर समोरच्याला सांगितला आणि ‘अलाऊ’ दाबलं, की आपला पडदा त्याला त्याच्याकडे दिसू लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं.

चौथा शब्द ‘व्हेरिफिकेशन’. तो म्हणाला, ‘फक्त दहा रुपये भरा, म्हणजे खातं व्हेरिफाय होईल.’ दहा रुपयांना कोण घाबरतं? पण त्याला ते दहा रुपये नकोच असतात. पुष्कळ बँकांच्या ॲपमध्ये पडदा दुसऱ्याला दिसत असला तर पान काळं होतं, म्हणून त्याने बँकेचं ॲप उघडायला सांगितलंच नाही. त्याने एक लिंक पाठवली आणि त्या पानावर डेबिट कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे भरायला लावले. ते सगळं त्याला मिळालं. मग त्याने स्वतःच त्या कार्डावर खरेदी सुरू केली. ओटीपी ताईंच्या फोनवर आला, आणि पडद्यावर वर चमकताच त्याने वाचला. ताईंनी ओटीपी कुणालाही तोंडाने सांगितला नव्हता. आधी २५,००० गेले, चार मिनिटांनी २१,०००.

आता तर हाच डाव आणखी सोपा झाला आहे. ‘बिल अपडेट’ किंवा ‘गाडीचं चलन’ असं नाव असलेली फाईल व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्या नावाच्या शेवटी .apk असतं. ती उघडून बसवली आणि मागेल ती परवानगी दिली, की ती मेसेज स्वतः वाचते. नंबर सांगायचीही गरज राहत नाही. बिल किंवा चलन म्हणून आलेल्या फाईलच्या शेवटी ही तीन अक्षरं दिसली की ती उघडू नका.

मुलगी घरी आली तेव्हा ताई रडत होत्या. पोरीने आधी त्या फोनचं इंटरनेट बंद केलं आणि ते ॲप काढून टाकलं. मग शेजारच्या काकूंच्या फोनवरून बँकेचं कार्ड बंद केलं आणि १९३० वर फोन लावला. तिकडे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारला. म्हणून तो मेसेज रागाने पुसून टाकू नका.

एवढी घाई का? कारण चोरलेला पैसा भामट्याच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. तो ‘म्यूल’ म्हणजे भाड्याच्या खात्यांत जातो आणि तिथून तुकडे होऊन पुढे सरकतो. १९३० वर नोंद झाली की वाटेतल्या खात्यात जे उरलं असेल ते गोठवता येतं. ताईंचे १७,००० गोठवले गेले आणि पोलिसांकडे खेपा घालून काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले. गटाचा हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेत घालवलेला प्रत्येक तास आपल्याच खात्यातून जातो.

आणि हो, कुणी म्हणालं की ‘तुमचं खातं भाड्याने द्या, कमिशन देतो,’ तर तेच ते म्यूल खातं. त्यात पैसा दुसऱ्या कुठल्या तरी ताईचा येतो आणि पोलीस आपल्या दारात येतात.

ताईंनी आता बिलावरचा ग्राहक क्रमांक, १९१२ आणि १९३० हे तिन्ही मीटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवले आहेत. आमच्या गटातल्या बाकीच्या घरांतही आम्ही तसंच केलं आहे.