रिकाम्या ओळी आणि परिच्छेदांतले अंतर

दिवाळी अंकाकडे कथा येते तेव्हा ती बहुधा वर्ड फाइलमध्ये येते. लेखकाने दोन परिच्छेदांत मोकळी जागा हवी म्हणून दोनदा, कुठे तीनदा एंटर दाबलेले असते. पडद्यावर ते नीटनेटके दिसते. संपादक अक्षर १२ पॉइंटवरून १४ वर नेतो आणि सगळे सरकते. एखादे पान दोन रिकाम्या ओळींनी सुरू होते, तर कुठे शीर्षक तळाशी एकटे राहते.

कारण सरळ आहे. वर्डच्या दृष्टीने प्रत्येक एंटर हा स्वतंत्र परिच्छेद असतो, त्यात अक्षर नसले तरीही. त्या रिकाम्या परिच्छेदालाही स्वतःचा फॉन्ट आणि आकार असतो. म्हणूनच एकाच कथेत कुठे अंतर जास्त दिसते, कुठे कमी. Ctrl+Shift+8 दाबले की ¶ ही खूण दिसू लागते आणि सारे उघडे पडते. शिफ्ट-एंटरने तोडलेल्या ओळीपाशी वाकडा बाण दिसतो. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला असेल, तर अशा तोडलेल्या ओळीतले शब्द ताणले जाऊन त्यांच्यात मोठी भगदाडे पडू शकतात.

आता दुरुस्ती. पण इथे घाई नडते. कथेतली एखादी रिकामी ओळ प्रसंग बदलल्याची खूण असते. ती पुसली तर सकाळचा प्रसंग रात्रीच्या प्रसंगाला चिकटतो आणि वाचक गोंधळतो. म्हणून आधी कथा वाचून अशा जागी * टाकावे. कथेत अभंग किंवा पत्ता असेल तर तिथला शिफ्ट-एंटर योग्यच असतो, त्याला हात लावू नये.

मग फाइलची प्रत ठेवून Ctrl+H उघडावे:

```
^l^l  →  ^p
^p^p  →  ^p
```

पहिली ओळ शिफ्ट-एंटरच्या जोड्यांसाठी आहे, दुसरी रिकाम्या परिच्छेदांसाठी. तीन एंटर एका फेरीत संपत नाहीत; बदलांचा आकडा शून्य होईपर्यंत किंवा तोच तो येईपर्यंत पुन्हा चालवावे. तक्त्याला लागून असलेला परिच्छेद वर्ड सहसा पुसू देत नाही, म्हणून कधीकधी आकडा शून्यावर येतच नाही. ज्या परिच्छेदात नुसता स्पेस आहे तो या शोधात सापडत नाही, तो वेगळा शोधावा लागतो. वाक्याच्या मध्येच उरलेले सुटे शिफ्ट-एंटर एकेक पाहून त्यांच्या जागी स्पेस द्यावा.

शेवटी अंतर. ते प्रत्येक परिच्छेदाला वेगळे न देता Normal या स्टाइलला द्यावे: स्टाइलवर राइट-क्लिक, Modify, Format, Paragraph आणि After मध्ये ६ पॉइंट. एका इंचात ७२ पॉइंट असतात, म्हणजे हे इंचाचा बारावा भाग झाले. शीर्षकाच्या स्टाइलला Before मध्ये जास्त अंतर द्यावे आणि Keep with next लावावे, म्हणजे ते तळाशी एकटे राहत नाही. नवे प्रकरण नव्या पानावर हवे असेल तर Ctrl+Enter.

अंक लावणाऱ्याने नंतर ६ चे ८ केले, तर एका जागी केलेला तो बदल Normal मधल्या साऱ्या कथेला लागू होतो. लेखकांनी कथा पाठवण्याआधी एकदा Ctrl+Shift+8 दाबून पाहावे, एवढी विनंती.