माझ्याकडे आणि माझ्या घरी
(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



समितीने मला ‘मराठी भाषेविषयी काहीतरी बोला’ म्हणून सांगितलं. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईला असं मोकळं सोडायचं नसतं. म्हणून मीच विषय बारीक करून घेतला आहे. आज मी फक्त एका मोकळ्या जागेबद्दल बोलणार आहे. ‘माझ्या’ लिहून झालं की ‘कडे’ लिहिण्याआधी आपण जी जागा सोडतो, ती जागा.

हसू नका. त्या जागेपायी आपल्याच सोसायटीत एका माणसाचा अर्धा बोनस गेला होता, आणि चूक माझ्या हातची होती. जुन्या मंडळींना आठवत असेल. सोसायटीला सात-आठ वर्षं झाली असतील, मी मानद सचिव होते. एका रात्री गच्चीवरचा पाइप फुटला. त्याचा कॉकही गच्चीवरच. पाणी जिन्यातून खाली आलं, लिफ्टच्या मोटारीत गेलं आणि दुरुस्तीचा चांगलाच खर्च आला. पुढच्या सभेचं इतिवृत्त मी हाताने लिहिलं. त्यात तीन वाक्यं होती: ‘रात्री गच्चीवरील पाइप फुटला. वॉचमनकडे गच्चीची किल्ली नव्हती. त्या मुळे पाणी वेळेत बंद करता आले नाही.’

प्रेसमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, आणि घाईत ‘त्या’ आणि ‘मुळे’ यांच्यात बोटभर जागा सोडली. टायपिंगवाल्याने ती जागा पाहिली. त्याला वाटलं असणार, बाईंचं काहीतरी लिहायचं राहिलं आहे. त्याने भल्या मनाने भर घातली आणि ‘त्याच्या मुळे पाणी वेळेत बंद करता आले नाही’ असं टाइप केलं. मी न वाचता सही केली. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झालं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पार्किंगच्या भांडणाकडे होतं.

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘त्यामुळे’ म्हणजे किल्ली नव्हती म्हणून. ‘त्याच्यामुळे’ म्हणजे वॉचमनमुळे. सर्वनामात हा फरक मराठीने फार नीट सांभाळला आहे. ‘त्यासाठी’ म्हणजे त्या कामासाठी, ‘त्याच्यासाठी’ म्हणजे त्या माणसासाठी. ‘त्याकडे लक्ष द्या’ म्हटलं तर मुद्द्याकडे, ‘त्याच्याकडे लक्ष द्या’ म्हटलं तर बहुधा कोणाच्या तरी मुलाकडे. बोलताना आपण कधीकधी वस्तूलाही ‘त्याच्यामुळे’ म्हणतो, ते चालतं. पण माणूस आणि वस्तू दोघंही आधीच्याच ओळीत हजर असतील, तर वाचणारा माणसालाच धरतो. तसंच झालं. पुढे समिती बदलली. दिवाळीच्या सुमाराला नव्या मंडळींनी जुनं इतिवृत्त काढलं आणि वॉचमनमामांचा बोनस अर्धा केला. मामा माझ्या दारात येऊन म्हणाले, “ताई, किल्ली माझ्याकडे दिलीच कधी होती?”

तिथून मी हा विषय सोडलेला नाही.

मुळात ही जागा आपण सोडतो तरी का? ‘मला’, ‘त्याने’, ‘त्यात’ हे शब्द कोणी तोडत नाही. ‘त्या ने’ असं लिहिलेलं मी शाळेच्या वहीतसुद्धा पाहिलेलं नाही. कारण नुसता ‘ने’ आपल्याला शब्द वाटत नाही. ‘कडे’, ‘साठी’, ‘मागे’, ‘समोर’, ‘बद्दल’ हे मात्र चांगले अंगापिंडाने शब्द दिसतात. व्याकरणात त्यांना शब्दयोगी अव्यय म्हणतात. योग म्हणजे जोड. ते आधीच्या शब्दाला जोडून लिहायचे असतात.

मग नामांपेक्षा सर्वनामांतच गडबड जास्त का होते? याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. ‘झाडाखाली’ लिहिताना ‘झाडा’ हा तुकडा एकटा उभा राहत नाही. तो अर्धवट दिसतो, त्यामुळे हात आपोआप पुढचं जोडतो. ‘माझ्या’ हा मात्र एकटाही उभा राहतो. ‘माझ्या घरी या.’ इथे ‘माझ्या’ हा वेगळा शब्द आहे आणि तो घराबद्दल काही सांगतो. ‘माझ्याकडे या’ यातला ‘माझ्या’ दिसायला अगदी तसाच, पण तो ‘मी’चं सामान्यरूप आहे. ‘झाडाखाली’त ‘झाडा’ची जी जागा, तीच इथे त्याची. ‘मी’ला थेट ‘कडे’ लागत नाही, ‘मीकडे’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून आधी ‘माझ्या’ व्हायचं आणि मग ‘कडे’ लावायचं. एकाच चेहऱ्याचे दोन भाऊ आहेत हे. एक वेगळं बिऱ्हाड करून राहतो, दुसरा एकत्र कुटुंबात.

ओळखायचे कसे? प्रेसमध्ये नव्या मुलांना मी एक युक्ती सांगायची. मधे एखादं विशेषण घालून बघा. ‘माझ्या नव्या घरी’ चालतं, तेव्हा ‘घरी’ वेगळं लिहा. ‘माझ्या नव्या कडे’ चालत नाही, तेव्हा ‘कडे’ जोडा. समितीच्या सूचनाफलकावर दर महिन्याला दिसणारे शब्द या युक्तीने तपासता येतात. ‘त्यांच्या वतीने’ वेगळं, कारण ‘त्यांच्या सर्वांच्या वतीने’ म्हणता येतं. ‘त्यांच्यातर्फे’ जोडून, कारण तिथे मधे काही शिरत नाही. ‘माझ्या मते’ वेगळं, कारण ‘माझ्या वैयक्तिक मते’ असतं, आणि ‘मत’ हे सरळ नाम आहे. ‘त्याच्याबाबत’ जोडून, पण ‘त्याच्या बाबतीत’ वेगळं. अर्थ एकच आहे, पण ‘बाबतीत’मध्ये नामाला लागलेला ‘त’ दिसतो.

युक्ती हुकते अशाही जागा आहेत. ‘त्याच्या पाठीमागे’ घ्या. ‘पाठीमागे’ हा पाठ आणि मागे मिळून आधीच एक जोडशब्द झाला आहे. काही जण त्यालाही ‘त्याच्या’ जोडतात, काही नाही. मी दोन्ही सोडून द्यायची. ‘तुझ्या आणि माझ्यासाठी’ लिहिलं की पहिला ‘तुझ्या’ बिचारा लोंबकळत राहतो. तिथे मी ‘तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी’ करायची, किंवा ‘तुझ्या-माझ्यासाठी’. आणि ‘च’ मधे आला की भलेभले चुकतात. ‘माझ्याच साठी’ असं तोडण्यापेक्षा ‘माझ्याचसाठी’ लिहावं, किंवा सरळ ‘माझ्यासाठीच’.

काही ठिकाणी दोन्ही बरोबर असतात आणि अर्थ मात्र दोन होतात. मागे वर्धापनदिनाच्या जेवणाची सूचना लागली होती: ‘सभासदांनी आपल्या जवळच्या नातेवाइकांना आणावे.’ समितीला म्हणायचं होतं, तुमच्याजवळ, म्हणजे तुमच्या घरी राहणाऱ्या आईवडिलांना आणा. ते ‘आपल्याजवळच्या’ असं हवं होतं. सुटं लिहिल्यावर अर्थ झाला जवळचे, सख्खे नातेवाईक. मधे ‘अगदी’ घालून बघा, ‘आपल्या अगदी जवळच्या’, सरळ बसतं. मग कुणाची बहीण बदलापूरहून आली, कुणाचे मेहुणे सहकुटुंब आले, आणि शेवटच्या पंगतीला श्रीखंड संपलं. केटररला बोललेले काही जण आज समोर बसले आहेत.

‘साठी’चंही तेच. ‘त्यांच्यासाठी कार्यक्रम’ म्हटलं की तो त्यांच्याकरता. ‘त्यांच्या साठीचा कार्यक्रम’ म्हटलं की त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. पत्रिका छापताना मी दोनदा विचारून घ्यायची.

हा गोंधळ जुना आहे का, असं मघाशी एका मुलाने मला विचारलं. मोडीत हा प्रश्नच नव्हता. आधी ओळभर रेघ मारायची आणि खाली अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमधे जागाच नसायची. छपाईत मात्र शिशाच्या खिळ्यांमधे जागेसाठीही वेगळा खिळा घालावा लागायचा, म्हणजे जुळाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवणं भाग. त्याने चुकून घातला की मी प्रुफावर त्या जागेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन छोट्या कमानी काढायची. कमानी म्हणजे ‘जवळ घ्या’. माझ्या निम्म्या पेन्सिली या कमानींत झिजल्या.

हिंदीचाही हातभार आहे. हिंदीत ‘मेरे लिए’, ‘उसके पास’ सुटं लिहितात आणि तिथे ते बरोबरच आहे, त्यांचा नियमच तसा आहे. आपण दोन्ही भाषांतल्या पाट्या रोज वाचतो आणि डोळ्याला ती सवय लागते. त्यात आता मोबाइल आला. तुम्ही ‘माझ्या’ टाइप करता, वर शब्द सुचवलेला येतो, त्यावर बोट ठेवलं की फोन पुढे स्वतःच जागा सोडतो. मग ‘कडे’ वेगळं पडतं. मेसेजमध्ये ओळ संपली तर ‘कडे’ एकटंच खालच्या ओळीवर जाऊन बसतं. नातवाने मला उपाय दाखवला. शब्द निवडल्यावर एकदा मागे खोडायचं बटण दाबायचं आणि मग ‘कडे’ लिहायचं. आमच्या कमानींपेक्षा हे सोपं आहे, पण आठवणीने करावं लागतं. आपल्या ग्रुपवर जुनं काही शोधतानाही याचा फटका बसतो. ‘त्यांच्याकडे’ शोधलं तर ‘त्यांच्या कडे’ लिहिलेला मेसेज सापडत नाही.

वॉचमनमामांचं काय झालं, ते राहिलं. मी पुढच्या सभेत उठून सांगितलं, की मूळ हस्तलिखितात शब्द ‘त्यामुळे’ होता, जागा माझ्याकडून सुटली आणि किल्ली समितीच्या कपाटात होती. एक सदस्य म्हणाले, “अहो बाई, एका शब्दाने काय होतंय!” मी म्हटलं, “अर्धा बोनस होतोय.” इतिवृत्ताच्या वहीत दुरुस्तीची नोंद झाली, उरलेली रक्कम मामांना दिवाळीनंतर आठ दिवसांनी मिळाली, आणि गच्चीची दुसरी किल्ली करून त्यांना देण्यात आली. मामांनी ती घेतल्याची पोच मी लिहून घेतली. त्यात मी लिहिलं, ‘गच्चीची किल्ली आजपासून माझ्याकडे आहे.’ मामांनी सही करण्याआधी ते वाक्य दोनदा वाचलं.