कमाल वेग आणि अर्धमात्रा



कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी. आजच्या विषयांत थोडी अंकांची मांडणी आहे, पण अपूर्णांकांपलीकडचें गणित नाहीं.

यीस्टमध्यें इन्व्हर्टेज नांवाचें एक एन्झाइम असतें. एन्झाइम म्हणजे स्वतः खर्च न होतां रासायनिक क्रिया वेगानें घडवून आणणारें द्रव्य. उंसाच्या साखरेचे तें ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतें. एन्झाइम तेवढेंच ठेवून पाण्यांतील साखर वाढवीत गेलों, तर हें विभाजन किती वेगानें होईल? प्रथम साखर दुप्पट केली कीं वेगही जवळजवळ दुप्पट होतो. पुढें मात्र वाढ मंदावते आणि अखेर साखर कितीही घातली तरी वेग फारसा हलत नाहीं. तिकिटाच्या खिडकीशीं असेंच घडतें. माणसें तुरळक येत असतां जितकीं येतील तितकीं तिकिटें खपतात; रांग लागली कीं मात्र विक्री कारकुनाच्या हातांवर अवलंबून राहते. एन्झाइमच्या प्रत्येक कणाला साखरेचा एक कण फोडून मोकळें होण्यास कांहीं वेळ लागतोच.

या वर्तनाचें सूत्र व्हिक्टर आंरी यांनीं १९०३ सालीं मांडलें. पुढें १९१३ सालीं बर्लिन येथें लेओनोर मिखाएलिस व कॅनडाच्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनीं काळजीपूर्वक मापनें करून तें दृढ केलें. सूत्र असें:

वेग = क × स ÷ (अ + स)

येथें स म्हणजे साखर, क म्हणजे कमाल वेग. अ ला आपण अर्धमात्रा म्हणूं. कारण स आणि अ समान झाले कीं छेद दोन अ होतो आणि वेग बरोबर क च्या निम्मा येतो. इन्व्हर्टेजची अर्धमात्रा त्या दोघांच्या मापनांत लिटरला सुमारें पावणेसहा ग्रॅम साखर इतकी आली.

आतां समजा, आपल्याला क आणि अ ठाऊक नाहींत आणि मापनें अशीं मिळालीं. हे अंक समजुतीसाठीं घेतलेले आहेत. साखर २ ग्रॅम असतां वेग १५, ४ ला २४, १२ ला ४०, आणि २४ ला ४८. पुष्कळांना वाटेल कीं वेग ४८ च्या आसपास थांबला. म्हणून कमाल वेग ४८, त्याचा निम्मा २४, आणि अर्धमात्रा ४ ग्रॅम. पण हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. हें सूत्र फार सावकाश शिखराकडे जातें. अर्धमात्रेच्या नऊपट साखर घातली तरी वेग कमाल वेगाच्या नव्वद टक्केच भरतो. म्हणून पाहिलेला सर्वांत मोठा अंक म्हणजे शिखर नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळीं साखरेला वेगानें भागावें. सूत्र उलटवून पाहिलें तर हा भागाकार (अ + स) ÷ क इतका असतो. म्हणजे स वाढेल तसा तो सरळ रेषेंत वाढला पाहिजे. आपले भागाकार अनुक्रमें ०.१३३, ०.१६७, ०.३ आणि ०.५ येतात. साखर १२ वरून २४ झाली, म्हणजे १२ नें वाढली, तेव्हां भागाकार ०.२ नें वाढला. १२ ला ०.२ नें भागिलें कीं ६०. हा खरा कमाल वेग. रेषा मागें शून्य साखरेपर्यंत नेली तर भागाकार ०.१ उरतो, त्याला ६० नें गुणिलें कीं ६ ग्रॅम, ही अर्धमात्रा. ताळा पाहा: ४ ग्रॅमला ६० गुणिले ४ भागिले १०, म्हणजे २४. मापनही तेंच आहे.

मात्र रेषा कोणत्या बिंदूंवरून ओढली याला फार महत्त्व आहे. केवळ २ आणि ४ ग्रॅमचींच मापनें घेतलीं आणि पहिलें एका अंकानें कमी, दुसरें एकानें जास्त आलें, म्हणजे १४ आणि २५, तर कमाल वेग ११७ निघतो. चुका उलट्या झाल्या, म्हणजे १६ आणि २३ आले, तर ४१! तेवढ्याच चुका २ आणि २४ ग्रॅमच्या मापनांत झाल्या, १४ आणि ४९ आले, तर उत्तर ६३ येतें. म्हणून मापनें अर्धमात्रेच्या दोन्ही बाजूंस, आणि वरच्या बाजूस दूरवर, घ्यावीं लागतात.

आणि बिंदू सरळ रेषेवर बसलेच नाहींत तर? मग सूत्रच तेथें लागू नाहीं असें समजावें. साखर फारच दाट झाली कीं इन्व्हर्टेजचा वेग उलट घटूं लागतो. त्या वेळीं भागाकारांची रेषा शेवटीं वर वांकते. असे बिंदू ओढूनताणून रेषेवर बसवूं नयेत. रेषा वांकते कोठें, हीही एक माहितीच आहे.