आजचा खर्च भागिले महिने
(महासंघाच्या मासिक सभेत मांडलेला विषय, आपल्या वार्तापत्रासाठी लिहून काढला आहे.)



मागच्या महिन्यात दोन-तीन गटांमध्ये एकच कागद माझ्या हातात आला. विमा एजंटाने दिलेला. त्यावर लिहिलेलं, "मुलीच्या शिक्षणासाठी १४ वर्षांनी ५ लाख रुपये." ताईंनी विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, घ्यायचं की नाही ते नंतर बघू. आधी हे बघू की १४ वर्षांनी ५ लाखांत काय येईल.

त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. ७२ ला महागाईच्या टक्क्याने भागा, तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. शिक्षणाचा खर्च दरवर्षी ८ टक्के वाढेल असं आपण धरू. ७२ भागिले ८ म्हणजे ९. नऊ वर्षांत दुप्पट, आणि पुढच्या पाच वर्षांत त्याच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे १४ वर्षांत सगळं मिळून तिपटीला थोडं कमी. मग त्या कागदावरचे ५ लाख म्हणजे आजचे साधारण १ लाख ७० हजार. कागद खोटा नाही, पण तो वाचताना आपण आजचे ५ लाख डोळ्यासमोर आणतो, तिथे फसगत होते.

८ टक्के हा माझा अंदाज आहे, कुठला सरकारी आकडा नाही. तुम्हाला पडताळायचा असेल तर गावातल्या एखाद्या मुलीने नऊ-दहा वर्षांपूर्वी जिथे शिक्षण घेतलं, तिथली तेव्हाची फी आणि आजची फी विचारा. दुपटीच्या आसपास असेल तर अंदाज बरोबर. जास्त असेल तर टक्का वाढवा.

आता एक उदाहरण पूर्ण करू. समजा लेक चार वर्षांची आहे आणि अठराव्या वर्षी बी. फार्मसीला घालायची आहे. चार वर्षांचा कोर्स. खाजगी कॉलेजची फी आज वर्षाला ८० हजार धरू. होस्टेल, मेस, पुस्तकं, एसटीचा पास मिळून ४५ हजार. चार वर्षांचे ५ लाख झाले. १४ वर्षांनी हेच साडेचौदा लाखांच्या पुढे जातात. हा आकडा ऐकून परवा एक मावशी उठूनच निघाल्या. म्हणून तो दोन भागांत तोडू.

पहिला भाग फीचा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. एससी, एसटी, व्हीजेएनटी मुलींना त्यांच्या वेगळ्या योजना आहेत. ही माफी १४ वर्षांनी असेलच याची हमी कोणी देणार नाही. पण राहण्या-जेवणाचा खर्च ती आजही देत नाही, आणि आपल्या मुली शिक्षण सोडतात त्या बऱ्याचदा इथेच: फी माफ झालेली असते, पण दर महिन्याला मेसचे पैसे कुठून आणायचे? म्हणून किमान दुसरा भाग, ४५ हजार गुणिले चार, म्हणजे आजचे १ लाख ८० हजार, आपल्या बचतीतून उभा करायचाच असं धरू. १४ वर्षांनी ते होतात साधारण ५ लाख ३० हजार.

आता महिन्याला किती टाकायचे? इथे चक्रवाढीचं कोष्टक लागत नाही. आजचा खर्च घ्या आणि हातात जितके महिने आहेत त्याने भागा. १ लाख ८० हजार भागिले १६८ महिने, आले १,०७१. थोडी सूट ठेवून १,१२० धरा. हा झाला पहिल्या वर्षाचा हप्ता. दरवर्षी तो ८ टक्क्यांनी वाढवायचा: दुसऱ्या वर्षी १,२१०, तिसऱ्या वर्षी १,३००च्या पुढे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाढवायचा असं ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही. पैशावर ८ टक्के व्याज मिळालं तर महागाई आणि व्याज एकमेकांना खातात, आणि रक्कम बरोब्बर पुरते. हप्ता कधीच वाढवायचा नसेल तर पहिल्या महिन्यापासून १,७५० टाकावे लागतात.

हीच लेक आठवीत असेल आणि हातात पाच वर्षंच असतील तर भागिले ६०, म्हणजे महिना ३,००० च्या वर. उशिराची किंमत एवढी स्पष्ट दिसते.

पण ८ टक्के मिळतील तरच हे जमतं. बचत खात्यात तीन टक्के किंवा कमी मिळतात. तिथे हाच १,१२० चा वाढता हप्ता टाकत गेलात तर १४ वर्षांनी ४ लाखांच्याही आत राहता. आणि गटाची बचत यात धरू नका, ती अडीनडीला कर्जाने फिरते.

मुलीसाठी पोस्टातलं सुकन्या समृद्धी खातं व्याजाला चांगलं आहे. जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के झालं. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं, म्हणजे तो कायमचा नाही. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचं व्याज त्यांच्यावर लागतं. खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं. मुलासाठी ही सोय नाही.

त्यातली मेख मात्र कोणी सांगत नाही. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी काढता येते ती फक्त आधीच्या वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्मी रक्कम, तीही प्रवेशाचे कागद दाखवून. आपल्या लेकीचे सगळे पैसे सुकन्येत असतील तर कागदावर ५ लाख ३० हजार, हातात निम्मे. उरलेले ती पंचवीसची झाल्यावर.

म्हणून मी अशी वाटणी सांगते: सुकन्येत ४००, पोस्टाच्या आरडीत १,०००. आरडीला व्याज सुकन्येपेक्षा कमी असतं, म्हणून हप्ता १,१२० न राहता १,४०० होतो. पण अठराव्या वर्षी लागणारी रक्कम त्यात हाताशी येते, आणि सुकन्येतला लाखभर वर राहतो. आरडी पाच वर्षांची असते, संपली की सगळी रक्कम ठेवीत टाकून नवी उघडायची. हप्ता मधेच वाढवता येत नाही, वाढीव पैशाची दुसरी छोटी आरडी काढायची. मग सुकन्या कशाला, असं कोणी विचारेल. आरडी मोडता येते, आणि घरात ट्रॅक्टरचा हप्ता अडला की तीच मोडली जाते. सुकन्येला घरचं कोणी सहज हात लावू शकत नाही.

दरवर्षी हप्ता वाढवताना कॉलेजचा त्या वर्षीचा खर्च पुन्हा विचारा आणि भागाकार नव्याने करा. जमलेली रक्कम आजच्या खर्चातून वजा करायची, उरेल ते उरलेल्या महिन्यांनी भागायचं. पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने मुलाचं किंवा मुलीचं वय, मनातला कोर्स आणि जवळच्या होस्टेल-मेसचा आजचा दर लिहून आणा, आपण तिथेच एकेकीचा आकडा काढू.