अध्यक्षीय भाषण : सही कोणाची, समज कोणाची



मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून 2024 साली आपण गोंदियात पेढे वाटले. आज मी त्याच मराठीतल्या एका कागदावर बोलणार आहे. तो कोणत्याही संमेलनात वाचला जात नाही, पण त्याच्याखाली आपल्या माणसांचे अंगठे घेतले जातात. हा कागद म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याचं संमतीपत्र.

आपला जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यातला. समजा, उद्या सिकलसेलच्या एखाद्या नव्या गोळीची चाचणी इथे आली. इंग्रजी मसुद्याचं मराठी होऊन येईल : ‘आपणांस यादृच्छिक पद्धतीने अन्वेषणात्मक औषध अथवा छद्मऔषध देण्यात येईल. हा दुहेरी-अंध अभ्यास आहे.’ सालेकशाच्या बाईला यातलं ‘अंध’ तेवढं कळेल आणि ती विचारेल, या गोळीनं डोळे जातात का?

आता गंमत बघा. हे भाषांतर तपासायचं कसं, तर दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मूळ मसुद्याशी ताडून बघायचं. ‘दुहेरी-अंध’ परत ‘डबल ब्लाइंड’ होतं, शब्दाला शब्द जुळतो, शिक्का बसतो. याउलट कोणी लिहिलं, ‘काही जणांना औषधाची गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. तुमची गोळी कोणती, हे तुम्हालाही माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही,’ तर परतीच्या इंग्रजीत चिठ्ठ्या येतात आणि तपासणारा लाल रेघ मारतो. म्हणजे बाईला कळणारं भाषांतर नापास आणि न कळणारं पास! ही परीक्षा इंग्रजीशी इमान राखलं की नाही एवढंच बघते. अंगठा देणारीला काय कळलं, हा प्रश्न त्या पेपरात नाहीच.

कोणी म्हणेल, वाचनपातळी मोजायची सूत्रं आहेत की. आहेत, पण ती इंग्रजी वाक्यांची लांबी आणि इंग्रजी शब्दांतले उच्चारखंड मोजून बनवलेली. ‘छद्मऔषध’ हा शब्द त्यांच्या हिशेबात फार लांब नाही आणि आपल्याकडे शिकलेल्यालाही तो कळत नाही.

याच फॉर्मवर नॉमिनीचा रकाना असतो. 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनी तो ठेवला, उद्देश चांगला. बँकेत असतो तसाच काहीतरी समजून माणूस बायकोचं नाव सांगून मोकळा होतो. खरं वाक्य असं हवं : ‘या चाचणीमुळे तुमचा जीव गेला, तर भरपाई कोणाला द्यायची?’ हे लिहायला हात कचरतात, कारण हे वाचून माणूस उठून जाईल. तसंच इलाजाचं. चाचणीमुळे इजा झाली तर इलाज फुकट, हे ठळक सांगतात. पण त्या दुखण्याचा चाचणीशी संबंध नाही असं ठरलं, की फुकट इलाज थांबू शकतो, हे अर्धं वाक्य ‘तथापि’च्या पोटात शिरतं. अवघड मराठी नेमकी जिथे भीती आहे तिथेच अवघड होते, आणि याला मी अपघात मानत नाही.

संमती नुसती नावापुरती उरली की काय होतं, ते बघा. 2009 साली तेव्हाच्या शेजारच्या आंध्रात, खम्मम जिल्ह्यात, मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देताना वसतिगृहांच्या वॉर्डननीच कित्येक संमतीपत्रांवर सह्या केल्या. आई-बापांना विचारायचं राहून गेलं. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत पोचलं.

डॉक्टरांवर सगळं ढकलून मी आपल्याला सोडणार नाही. असे फॉर्म ज्या मराठीत लिहितात, ती भारदस्त म्हणून डोक्यावर कोणी घेतली? झाडीबोलीत, पोवारीत किंवा गोंडीत विचार करणाऱ्या माणसाचं बोलणं आपण ‘अशुद्ध’ म्हणून हसण्यावारी नेलं. आता त्याच्याच रक्ताचा प्रश्न आला, तर ‘10 मिलिलिटर रक्त’ म्हणजे चहाचे दोन चमचे, हे लिहायलाही आपल्याला कमीपणा वाटतो.

माणसाला वाचता येत नसेल तर संमती घेताना पूर्ण वेळ तटस्थ साक्षीदार हजर हवा, असा नियम आहे. पण ज्या वाक्याचा अर्थ साक्षीदारालाही लागत नाही, त्याची साक्ष तो काय देणार? म्हणून माझी मागणी ठरावात घ्या. मराठी फॉर्म छापण्याआधी तो देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या चार-पाच जणांना मोठ्यानं वाचून दाखवावा. मग ‘कळलं का?’ असं विचारू नये; त्याला सगळे हो म्हणतात. विचारावं, तुम्हाला कोणती गोळी मिळणार? मधेच सोडलं तर दवाखान्यातला चालू इलाज बंद होईल का? ताप आला तर फोन कोणाला करायचा? जिथे दोघं अडखळतील, ते वाक्य परत लिहावं, माणसं बदलू नयेत.

नीतिमत्ता समितीत एक सामान्य माणूस असावा लागतो. त्याच्या हाती इंग्रजी फाइल देण्याऐवजी हा मराठी कागद द्या आणि आधी त्याला हेच तीन प्रश्न विचारा. डॉक्टर म्हणतील, इतकं उघड लिहिलं तर माणसं मिळणार नाहीत. मग न मिळू द्या.