रोजची एक रात्र
(शालेय वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजच्या समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिकरूपाने पुस्तके दिली जात आहेत. ही प्रथा जुनी आणि चांगली आहे. पण बक्षिसाच्या पुस्तकाचे पुढे काय होते, हे प्रत्येक घरातील कपाट उघडले की कळते. पहिल्या पानावर शाळेची चिठ्ठी डकवलेली, नाव सुंदर अक्षरांत लिहिलेले आणि आतील पाने मात्र कोरी करकरीत. पुस्तक मिळाले, पण वाचन घडले नाही. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

वाचनाचा नेम मोडतो तो बहुधा आळसामुळे नव्हे, तर माप चुकल्यामुळे. मूल मोठ्या हौसेने पुस्तक हाती घेते, पहिल्या दिवशी चाळीस पाने वाचते, दुसऱ्या दिवशी दहा वाचते आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक उशीखाली राहते. रोजचे माप लहान असावे, ठरलेले असावे आणि जेथे ते संपते तेथे गोष्टीलाही विसावा असावा. आपल्या पूर्वजांनी हे नीट ओळखले होते. दासबोधाची रचनाच पाहावी. त्यात वीस दशक आहेत व प्रत्येक दशकात दहा समास आहेत. रोज एक समास वाचणाऱ्याचा ग्रंथ दोनशे दिवसांत पूर्ण होतो. ग्रंथ केवढाही मोठा असला तरी वाचणाऱ्यासमोर त्या दिवशी एकच समास असतो.

मुलांसाठी अशाच मापाचे एक पुस्तक मराठीत आहे, ते म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात असताना ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ते लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत त्याचा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, ती संपते आणि मंडळी उठतात. दुसऱ्या रात्री दुसरी आठवण. अशा एकंदर बेचाळीस रात्री आहेत. बेचाळीस रात्री म्हणजे बरोबर सहा आठवडे. आज ज्या मुलाने पहिली रात्र वाचली, त्याचे पुस्तक सातवा आठवडा लागण्यापूर्वी वाचून होईल. लेखकाला लिहावयास पाच दिवस लागले, म्हणून वाचकानेही ते पाच दिवसांत संपवलेच पाहिजे असे नाही. ऐकणाऱ्यांनी ते रोज थोडे थोडे ऐकले, त्याच चालीने ते वाचावे.

गुरुजींना मुलांच्या रोजच्या वाचनाची नाडी ठाऊक होती, याचे कारण ते हाडाचे शिक्षक होते. अमळनेरच्या छात्रालयात असताना ते तेथील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. अशा हस्तलिखित पत्रात मजकूर थोडाच मावतो. पण तो रोज नवा असला की मुले त्याची वाट पाहतात. रोज थोडे आणि रोज नवे, हेच वाचन टिकण्याचे मर्म आहे.

आता हा सहा आठवड्यांचा नेम प्रत्यक्षात कसा चालवावा ते पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. ‘सवड मिळेल तेव्हा वाचीन’ असे म्हणणाऱ्याला सवड कधीच मिळत नाही. जे काम घरात रोज आपोआप घडते, त्याला वाचन जोडून द्यावे. आपल्या घरांत दिवेलागणीला मुले शुभंकरोती म्हणत आणि त्यामागोमाग परवचा म्हणत. पाढे कुणी वेळ काढून पाठ केले नाहीत, ते दिव्याबरोबर पाठ झाले. ज्या घरी ही रीत अजून आहे, तेथे परवच्यानंतर एक रात्र वाचावी. जेथे नाही, तेथे रात्रीच्या जेवणाची पाने मांडण्यापूर्वीची वेळ धरावी. अंथरुणावर पडल्यावरची वेळ मात्र लहान मुलांसाठी धरू नये, कारण दोन पानांत डोळा लागतो आणि दुसऱ्या दिवशी कुठवर वाचले तेच आठवत नाही. पुस्तक कपाटात ठेवू नये. जेथे बसून वाचायचे तेथेच ते डोळ्यांसमोर असावे, आणि तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा.

दुसरी गोष्ट पुस्तक पेलण्याची. कोणतेही मधले पान उघडावे, ते वाचावे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला हाताचे एक बोट मिटावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक एकट्याने वाचण्यास अजून जड आहे असे समजावे. जड पुस्तक टाकून द्यायचे नसते, ते मोठ्यांच्या सोबतीने वाचायचे असते. मूल एक पान वाचील, आजी दुसरे वाचील. ‘श्यामची आई’मध्ये जुन्या कोकणातील घर आहे, सोवळेओवळे आहे, व्रते आहेत. पहिलीच रात्र सावित्री-व्रताची आहे. आई आजारी, म्हणून वडाला प्रदक्षिणा घालण्याचे काम श्यामकडे येते आणि बायकांच्या त्या व्रतात जाण्याची त्याला लाज वाटते. शहरातील मुलाला यातील पुष्कळ काही नवीन वाटेल. पण घरातील वडीलधाऱ्यांना ते विचारता येते आणि विचारले की एका गोष्टीतून दुसरी गोष्ट निघते. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक ठिपका द्यावा व पुढे वाचीत जावे. प्रत्येक शब्दाला थांबून कोश उघडला तर गोष्टीचा धागा तुटतो. रात्र वाचून झाल्यावर त्यातले दोन-तीन शब्द विचारले तरी पुरे.

तिसरी गोष्ट वाचलेले कळले की नाही, हे ओळखण्याची. डोळे ओळींवरून फिरतात आणि मन अंगणात असते, असे पुष्कळदा होते. त्याची परीक्षा सोपी आहे. पुस्तक मिटावे आणि तीन वाक्ये सांगावीत. कोण होते, काय घडले आणि ते तसे का घडले. उदाहरणार्थ, ‘अळणी भाजी’ ही आठवण घ्या. आई भाजीत मीठ घालावयास विसरली आणि तरीही वडील काही न बोलता जेवले, ही पहिली दोन वाक्ये बहुतेक मुले सांगतील. वडील का बोलले नाहीत, हे तिसरे वाक्य आहे. जिने कष्टाने रांधले तिला वाईट वाटू नये म्हणून, हे ज्याला सांगता आले त्याने ती रात्र वाचली. ज्याला सांगता आले नाही, त्याने केवळ पाने उलटली. त्याने शेवटची दोन पाने पुन्हा वाचावीत, सगळी आठवण पुन्हा वाचण्याचे कारण नाही.

येथे चित्रपटाची आठवण कुणाला होईल. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो अवश्य पाहावा. परंतु बेचाळीस रात्रींतल्या साऱ्याच आठवणी दोन-तीन तासांत मावणे शक्य नसते. शिवाय तेथे तिसरे वाक्य नटाच्या चेहऱ्यावर आयते दिसते, पुस्तकात ते वाचणाऱ्याला स्वतः शोधावे लागते.

चौथी आणि सर्वांत नाजूक गोष्ट खंड पडण्याची. सहा आठवड्यांत एखादी सत्यनारायणाची पूजा येईल, पाहुणे येतील, ताप येईल. एखादी रात्र चुकेलच. चुकलेली रात्र दुसऱ्या दिवशी भरून काढू नये. दोन रात्री एकदम वाचण्याचे ओझे झाले की तिसऱ्या दिवशी तीन साठतात आणि मग पुस्तक पाहिले की मन मागे सरते. बहुतेक नेम चुकलेल्या दिवसाने नव्हे, या थकबाकीने मोडतात. जेथे थांबलो तेथूनच एक रात्र वाचावी. पुस्तक बेचाळीसऐवजी पंचेचाळीस दिवसांत संपेल, त्यात काही बिघडत नाही. मात्र लागोपाठ दोन दिवस चुकले, तर वेळ चुकीची निवडली आहे असे समजून ती बदलावी. पालकांनीही रागावण्यापूर्वी दिवा, जागा आणि वेळ या तीन गोष्टी तपासाव्यात.

हा नेम केवळ लहानांसाठी नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ‘श्यामची आई’ बालिश वाटली, तर त्याने लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या कथा घ्याव्यात. गोमंतकातील माणसे त्यांत भेटतील, आणि कथासंग्रहात विसाव्याची जागा प्रत्येक कथेच्या शेवटी असतेच. पुस्तके नाहीत ही सबब गोव्यात तरी चालण्यासारखी नाही. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ सालापासूनचे आहे, आणि सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या कृष्णदास शामा यांचे नाव आज ते मिरवीत आहे.

या साऱ्याची आपल्या समाजाला विशेष निकड आहे. पुष्कळ घरांतील मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. जोडाक्षर आले की थबकतात आणि पाटी, पत्रिका, आजोबांचे जुने पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतात. बोलणे घरात आपोआप येते, वाचणे तसे येत नाही. ते रोज डोळ्यांखालून गेले तरच राहते. एका पिढीने सोडले तर घरातील पोथ्या, वह्या आणि कागद पुढच्या पिढीला केवळ जपून ठेवण्याच्या वस्तू होतील, त्यांत काय लिहिले आहे ते तिला सांगता येणार नाही.

म्हणून आज ज्यांच्या हाती पुस्तक येईल, त्यांनी घरी गेल्यावर त्यातील पहिले प्रकरण वाचून मगच झोपावे आणि उद्या सकाळी आईला तीन वाक्यांत ते सांगावे. ज्यांना आज बक्षीस मिळाले नाही, त्यांनी शाळेच्या ग्रंथपालांकडे उद्याच नाव नोंदवावे. सहा आठवड्यांनी कोणाच्या किती रात्री झाल्या, ते वर्गशिक्षकांनी विचारावे. प्रश्न मात्र ‘किती पाने वाचलीस’ असा नसावा. ‘काल रात्री काय घडले आणि का’ असा असावा.