सिलिंडर की इंडक्शन? आमच्या घरचा हिशोब

वेरूळच्या आमच्या घरात 2 जून 2025 ला लावलेला सिलिंडर 17 जुलैला संपला, म्हणजे 45 दिवस चालला. तारीख बुकिंगची नाही, रेग्युलेटर लावल्याची धरली. घरात जोड सिलिंडर असला की बुकिंगची तारीख फसवते. त्याच दिवशी इंडक्शन सुरू केलं. चहा, डाळ, भात त्यावर. भाकरी मात्र अम्मी गॅसवरच करतात. पुढचा सिलिंडर 30 सप्टेंबरपर्यंत, 75 दिवस पुरला.

आधीच्या वेगाने 75 दिवसांना 1.67 सिलिंडर लागले असते. वाचला 0.67, म्हणजे 860 च्या भावाने सुमारे 575 रुपये. झालो खूश! मग वीजबिल काढलं. गेल्या वर्षीच्या याच महिन्यांशी ताडून पाहिलं, कारण पंख्याचा वापर ऋतूप्रमाणे बदलतो. महिन्याला 130 युनिटचे 170 झाले होते, म्हणजे अडीच महिन्यांत 100 जादा.

खरी गोम स्लॅबमध्ये आहे. 100 युनिटनंतर दर जवळपास दुप्पट होतो आणि आम्ही आधीच 130 वर होतो. त्यामुळे प्रत्येक जादा युनिट महागाच्या स्लॅबमध्ये पडलं. 12 रुपयांनी धरलं तरी 1200 रुपये. सरासरी दर लावला असता तर हे दिसलंच नसतं. आमच्यासाठी इंडक्शन पावणेसहा रुपयांच्या आत युनिट मिळालं तरच परवडतं.